काउंटरवरचा संगणक उघडा राहू नये: छोट्या दवाखान्यांसाठी एका पानाचा कागद हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमधल्या छोट्या दवाखान्यांत काउंटरवर बसणाऱ्या रिसेप्शनिस्टसाठी एका पानाचा सूचनांचा कागद असावा आणि त्यात नेमके काय असावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. सिडको, सातपूर, इंदिरानगर, नाशिकरोड या भागांतल्या दवाखान्यांचे संगणक बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी करतो. मोठ्या रुग्णालयांत संगणकाचा वेगळा विभाग असतो, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतो आहे ते बाहेर दोन बाकडी, आत एक तपासणीची खोली आणि मध्ये एक काउंटर, अशा दवाखान्यांबद्दल. सकाळी एक डॉक्टर बसतात, संध्याकाळी दुसरे. काउंटरवरची ताईही सकाळ-संध्याकाळ बदलते. संगणक मात्र एकच, आणि त्यात सगळे एकाच नावाने शिरतात, बहुतेक ठिकाणी पासवर्डशिवाय.

याने काय होते ते एका प्रसंगातून सांगतो. दवाखान्याचे नाव सांगणार नाही. संध्याकाळच्या गर्दीत एका तरुण विवाहितेचा गरोदरपणाच्या तपासणीचा रिपोर्ट पॅथॉलॉजीकडून व्हॉट्सअॅपवर आला. ताईने तो संगणकावर उघडला, प्रिंट द्यायला घेतला, तेवढ्यात डॉक्टरांनी ड्रेसिंगसाठी आतून हाक मारली. ती चार-पाच मिनिटे आत होती. काउंटरचा स्क्रीन बाकड्याच्या दिशेला वळलेला, आणि पुढच्या नंबरवर त्या मुलीच्याच गल्लीतल्या बाई. मुलीने नवऱ्याला सांगण्याआधी बातमी सासूपर्यंत पोचली होती. कोणी संगणक फोडला नव्हता, कोणी माहिती विकली नव्हती. कोणी कुठल्या बटणाला हातही लावला नव्हता.

अशा वेळी लोक म्हणतात, रिसेप्शनिस्टला सांगा, उठताना स्क्रीन लॉक करत जा. सांगणे सोपे आहे. की-बोर्डवर Windows आणि L ही बटणे एकत्र दाबली की स्क्रीन लॉक होतो. पण मी ज्या दवाखान्यांबद्दल बोलतो आहे तिथे याचा उपयोग शून्य आहे, कारण खात्याला पासवर्डच नाही. कोणत्याही डॉक्टरांनी आपल्या काउंटरवर हे करून पाहावे: Windows आणि L दाबा, मग Enter दाबा किंवा स्क्रीनवर दिसणाऱ्या Sign in वर टिचकी मारा. काही न विचारता संगणक पुन्हा उघडला, तर तुमच्या दवाखान्याला कुलूप नाही, नुसता पडदा आहे. म्हणून माझे ठाम मत असे आहे की कागद रिसेप्शनिस्टसाठी असला, तरी त्यातली पहिली कामे डॉक्टरांनी स्वतः करून दिल्याशिवाय तो भिंतीवर लावूच नये. नाहीतर चूक व्यवस्थेची आणि बोलणी काउंटरवरच्या ताईला, असे होते.

ती कामे फार नाहीत. Settings मध्ये Accounts, तिथे Other users, आणि तिथून सकाळच्या ताईंचे एक व संध्याकाळच्या ताईंचे एक, अशी दोन वेगळी खाती उघडायची. दोन्ही Standard User प्रकारची, आणि प्रत्येकीचा पासवर्ड तिलाच माहीत. Administrator चे खाते डॉक्टरांकडे राहील. इथे एक अडचण हमखास येते. काही जुनी क्लिनिक सॉफ्टवेअर साध्या खात्यातून चालतच नाहीत, किंवा त्यांची माहिती जुन्या खात्याच्या डेस्कटॉपवर साठवलेली असते आणि नव्या खात्यात काहीच दिसत नाही. लोक घाबरतात, "डेटा गेला" म्हणून मला फोन करतात आणि पुन्हा जुन्या खात्यावर येतात. डेटा कुठे गेलेला नसतो. सॉफ्टवेअर देणाऱ्याला आधीच विचारून ती माहिती दोन्ही खात्यांना दिसेल अशा जागी हलवून घ्यावी. सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र लॉगिनची सोय असेल, तर तिथेही दोघींची नावे वेगळी करावीत, म्हणजे कोणती नोंद कोणी केली हे कळते.

दुसरे काम स्क्रीन आपोआप लॉक होण्याचे. Start मध्ये Screen saver असे शोधले की एक छोटी चौकट उघडते. त्यात Blank निवडायचे, Wait पुढे मिनिटे भरायची आणि On resume, display logon screen या ओळीसमोर खूण करायची. माझ्या अनुभवाने 3 मिनिटे ठीक पडतात. 1 मिनिट ठेवले तर फोनवर अपॉइंटमेंट देता देता स्क्रीन जातो, ताई वैतागते आणि दुसऱ्याच दिवशी कोणाकडून तरी ते बंद करून घेते. 15 मिनिटे ठेवली तर वर सांगितलेल्या प्रसंगात त्याचा काहीच उपयोग झाला नसता. खरे तर त्या प्रसंगात 3 मिनिटेही जास्तच होती. आपोआप होणारे लॉक विसराळूपणासाठी आहे, हाताने दाबलेल्या दोन बटणांना ते पर्याय नाही. आणि स्क्रीनचे तोंड बाकड्याकडून भिंतीकडे वळवायला तर एक पैसाही लागत नाही.

आता कागदाबद्दल. ताई लॉक का करत नाहीत हे मी त्यांनाच विचारत आलो आहे. एकीने सांगितले, "दादा, बिल अर्धे भरलेले असते. लॉक केले तर पुसले जाईल ना?" पुसले जात नाही. लॉक केल्याने काहीही बंद होत नाही, प्रिंट चालू राहते, अर्धे बिल तसेच असते. ही भीती इतकी सर्रास आहे की कागदावरची पहिली ओळ मी याचीच लिहीन: "खुर्चीवरून उठताना Windows + L. अर्धवट काम जसेच्या तसे राहते."

दुसरे कारण मला आधी सुचलेच नव्हते. अनेक दवाखान्यांत याच संगणकाला बाहेरचा टीव्ही जोडून त्यावर रुग्णांचे नंबर दाखवतात. स्क्रीन लॉक केला की टीव्हीवरचा नंबरही जातो आणि बाकड्यावर गोंधळ सुरू होतो. मग कोण लॉक करेल? अशा ठिकाणी नंबर दाखवायला वेगळे साधन द्यावे, किंवा सरळ पाटी आणि खडू. आणि टीव्ही जोडलेलाच असेल, तर Windows आणि P दाबून Extend निवडलेले आहे ना, हे रोज सकाळी पाहावे. Duplicate असेल तर काउंटरवर उघडलेला प्रत्येक केसपेपर टीव्हीवर सगळ्यांना दिसतो. मी हे होताना पाहिले आहे.

कागदाचा दुसरा भाग पाळी बदलतानाचा. जाणारीने नुसते लॉक करून चालत नाही, Sign out करायचे. नाहीतर तिचे खाते मागे चालूच राहते, तिची व्हॉट्सअॅपची खिडकी उघडीच असते आणि काही सॉफ्टवेअर "दुसरीकडे उघडे आहे" म्हणून येणारीला अडवते. मग येणारी जाणारीचा पासवर्ड मागते, तो कागदाच्या चिठोऱ्यावर मॉनिटरला चिकटतो आणि सगळे मुसळ केरात. म्हणून कागदावर स्पष्ट लिहावे: पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही, डॉक्टरांनाही नाही. विसरलात तर डॉक्टर नवा करून देतील, त्यासाठी कोणी रागावणार नाही. हे शेवटचे वाक्य मुद्दाम छापावे, कारण रागावतील या भीतीनेच पासवर्ड लिहून ठेवले जातात.

तिसरा भाग रिपोर्टचा. बहुतेक ठिकाणी ताईच्या स्वतःच्या मोबाइलचे व्हॉट्सअॅप काउंटरच्या संगणकाला जोडलेले असते. त्यामुळे रुग्णांचे रिपोर्ट तिच्या फोनमध्ये साठतात आणि तिचे घरगुती बोलणे संगणकावर उघडे पडते. दोन्ही वाईट. दवाखान्याचा स्वतःचा फोन आणि स्वतःचा नंबर हवा. रिपोर्ट पाठवताना नावावर विसंबू नये, कारण एकाच आडनावाच्या दोन सुनीता एकाच दिवशी येतात. केसपेपरवरच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे जुळवावेत, मगच पाठवावे. चुकून दुसरीकडे गेला तर लगेच Delete for everyone करावे आणि डॉक्टरांना सांगावे. समोरच्याने फाइल आधीच साठवून ठेवली असेल तर ती परत येत नाही, म्हणून सांगणे जास्त महत्त्वाचे.

संगणकावर उतरवून घेतलेला पीडीएफ बहुतेकदा Downloads मध्ये उरतो. व्हॉट्सअॅपमधून बाहेर पडले तरी तो तिथेच असतो. एका दवाखान्यात त्या फोल्डरमध्ये मागच्या कित्येक महिन्यांचे रिपोर्ट रुग्णांच्या नावानिशी पडलेले होते. पण "रोज Downloads रिकामे करा" एवढेच कागदावर लिहिले तर दुसरे नुकसान होईल. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांच्या आत द्यायच्या असतात. बाह्यरुग्णाचा रिपोर्टही पुढच्या तपासणीला लागतोच. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी रिपोर्ट त्या रुग्णाच्या नोंदीत जोडायचा, तो तिथून उघडतो हे पाहायचे, आणि मगच Downloads मधली प्रत काढून Recycle Bin रिकामी करायची. रुग्णाच्या नोंदीतले काहीही रिसेप्शनिस्टने स्वतःच्या मनाने पुसू नये, नातेवाइकांनी कितीही विनवले तरी.

एचआयव्हीच्या रिपोर्टसाठी मात्र कागदावर वेगळी ओळ हवी. 2017 च्या कायद्यानुसार, त्यातले ठरावीक अपवाद सोडले तर, व्यक्तीच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. तो रिपोर्ट काउंटरवर उघडूच नये, थेट डॉक्टरांकडे जावा. पॅथॉलॉजीला तसे सांगून ठेवता येते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती सांभाळण्याची जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्यावर टाकली आहे, काउंटरवरच्या मुलीवर नाही. म्हणून माझी विनंती आहे की इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नाशिक शाखेने असा कागद मराठीत तयार करून आपल्या सदस्यांना द्यावा, आणि आपल्या दैनिकाने तो कापून लावता येईल अशा आकारात एकदा छापावा. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात डॉक्टरांच्या सहीसाठी जागा असावी. खाती वेगळी केली, पासवर्ड घातले, तीन मिनिटांचे लॉक लावले, एवढे झाल्यावरच ती सही व्हावी. आणि तळाशी डॉक्टरांसाठी एक ओळ: रिसेप्शनिस्टने काम सोडले की त्याच दिवशी तिचे संगणकावरचे आणि सॉफ्टवेअरमधले खाते बंद करावे, आणि दवाखान्याच्या फोनवर Linked devices मध्ये जाऊन ओळखीचे नसलेले प्रत्येक यंत्र Log out करावे.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
सिडको, नाशिक