भाद्रपदातली ओल आणि घरचं मखर

प्रिय सुध्या,

बारा इंची मूर्ती, पाच दिवसांचा गणपती आणि घरातल्याच कागद-कापडात मखर होईल का, असं विचारलंयस. होईल की! फक्त विकत काही आणायच्या आधी एक बघ. 2018 पासून आपल्याकडे थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, पण त्याच्या जागी जे बाजारात आलंय तेही सगळं निर्मळ नाही. नॉनवोव्हन म्हणून मिळतं ते ‘कापड’ बहुतेक वेळा प्लास्टिकचंच असतं. चकचकीत सोनेरी कागदाचा कोपरा फाडून बघ. नुसता कागद असेल तर सरळ फाटतो, वर प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर तो ताणला जातो.

खरा शत्रू आहे भाद्रपदातली ओल. हवेनेच कागद सैल पडतो, त्यात ओली फुलं टेकली की रंग उतरून खालच्या कापडाला डाग पडतात. म्हणून मागे कापड, मध्ये कागद आणि पुढे फुलं, असे तीन थर कर आणि फुलं कशालाही टेकू देऊ नकोस.

बांबूच्या काठ्यांची 3 फूट रुंद, साडेतीन फूट उंच चौकट सुतळीने बांध. मागून एक तिरपी काठी हवीच, नाहीतर चौकट डोलते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांना पुढे येणारे आखूड तुकडे बांधून त्यांवर आणखी एक आडवी काठी टाक, मुख्य चौकटीच्या 4 इंच पुढे. ही फुलांची काठी.

कापडाला वहिनींची जुनी सुती साडी माग, पण कात्री लावू नकोस! साडी आडवी धरायची. तिचा पन्हा साधारण 45 इंच असतो, म्हणजे चौकटीची उंची भरून वर काठीवर दुमडायला 3 इंच उरतात आणि खालचा काठ आपोआप पायथ्याशी शोभतो. लांबीची दुहेरी घडी घातलीस की 9 फूट कापड 3 फुटांत चुणून बसतं. चुण्या दाट दिसतात, भिंतही झाकली जाते. वरची दुमड मोठ्या टाक्यांच्या धावदोऱ्याने शिव, म्हणजे नंतर दोरा ओढला की साडी पुन्हा कपाटात.

मूर्तीमागची प्रभावळ कागदाची. यातच बहुतेक जण फसतात. 20 इंच व्यासाचं चक्र हवं तर 10 इंच रुंदीची पट्टी लागते हे सगळ्यांना कळतं, लांबीचा हिशेब मात्र कुणी करत नाही. परीघ होतो 63 इंचांच्या आसपास, आणि घड्या उठून दिसायच्या तर पट्टी त्याच्या दीडपट, साधारण 95 इंच हवी. पट्टी कमी पडली की चक्र सपाट बसत नाही, मधून फुगून टोपीसारखं वर येतं. मग कितीही दाबलं तरी उपयोग नाही. चित्रकलेच्या जाड कागदाच्या पट्ट्या जोडून एक-एक इंचाच्या उलटसुलट घड्या घाल, प्रत्येक घडी नखाने दाबून. एका कडेतून जाड दोरा ओवून आवळ, टोकं चिकटव आणि मागे 6 इंचांची पुठ्ठ्याची चकती लाव. दमट हवेत चक्राला आधार तिचाच.

चिकटवायला मैद्याची खळ चालते. 2 चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या मोडून शिजव, पारदर्शक झाली की उतरव. पातळ हात दे आणि पंख्याखाली पूर्ण वाळव. आतून ओली राहिली तर आधी आंबूस वास येतो, मग काळे ठिपके उमटतात. ठिपके दिसले की तो तुकडा बदलायचाच, पुसून जात नाहीत.

फुलं आदल्या संध्याकाळी आण आणि आणल्याबरोबर पिशवीतून काढून सुती कापडावर पसरून ठेव. बाजारात पाणी मारलेला झेंडू पिशवीत राहिला तर रात्रीत देठाकडून काळा पडतो. सुई देठातून घालून मधून वर काढ, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. एकच लांब माळ करू नकोस. सुती दोऱ्याच्या सुट्या सरी कर आणि प्रत्येकीला वर फास ठेव. झेंडूची सर दोन-तीन दिवस तग धरते, शेवंतीही बरी, पण निशिगंध दुसऱ्याच दिवशी मान टाकतो. जी सुकेल तेवढीच उतरवून निर्माल्यात टाकायची. ताजी दिसावीत म्हणून जागेवर पाणी मात्र शिंपडू नकोस, ते खाली प्रभावळीवर ओघळतं.

समई-निरांजन मूर्तीच्या पुढे, चुण्यांपासून चांगलं फूटभर लांब. आरतीच्या वेळी पंखा बंद.

मूर्ती घरी आली की पाटासकट तिची उंची मोजून कळव. चक्राचा मध्य बाप्पाच्या डोक्यामागे यायला हवा, आणि चौकटीवर ते कुठे बांधायचं हे त्यावरच ठरेल.

तुझा,
विनू