संचालकपदाच्या फॉर्मबद्दल

ती. आई-बाबांना, सा. न.

सीए साहेबांनी पाठवलेला संमतीचा डीआयआर-२ फॉर्म मी सही न करताच परत पाठवतेय. बाबा, चिडू नका, आधी पूर्ण वाचा. आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिच्या डोळ्याला अजून ताण नको.

पुण्याची नोकरी हे कारण नाही. वहिनी काही बोलली असंही नाही, ती बिचारी फोनवर नेहमी गोडच असते. कारण आहे ते दरमहा बँकेत जाणारं स्टॉक स्टेटमेंट. त्यात कोल्ड स्टोअरेजमधला ४ कोटींचा बेदाणा आपला म्हणून लिहिलाय. त्यातला १ कोटी ६० लाखांचा तासगाव-जतच्या शेतकऱ्यांचा, सौद्यासाठी आपल्याकडे नुसता ठेवलेला. आवक रजिस्टर आणि पेट्यांवरची नावं ताडून पाहिली की लगेच कळतं. बँक २५ टक्के मार्जिन कापून उचल देते, म्हणजे ४ कोटींवर ३ कोटी. आपल्या खऱ्या २ कोटी ४० लाखांवर १ कोटी ८० लाखच बसतात. वरचे १ कोटी २० लाख आपण दुसऱ्याच्या मालावर उचललेत. उद्या भाव चढला आणि सगळ्यांनी माल सौद्याला काढला, की पेट्या जातील, पट्टीचे पैसे त्यांचे त्यांना द्यावे लागतील आणि बँकेचं कर्ज मात्र तसंच राहील.

काका म्हणतात, मार्केट यार्डात असंच चालतं. त्यांच्या मनात खोट नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी एवढंच सुचवलं होतं, की शेतकऱ्यांचा माल वेगळ्या रजिस्टरला घ्या आणि जादा उचल दोन हंगामांत हळूहळू उतरवा. ते दादालाही पटलं नाही. मग संचालक होऊन मी काय करू? त्या आकड्यांखाली गप्प सही, की दर मीटिंगला काकांशी वाद? शिवाय बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि नंतर राजीनामा दिला तरी बँक मोकळं करेपर्यंत ती सुटत नाही.

माझे शेअर्स आहेत तसेच राहतील. तुमच्या महिन्याच्या पैशांची काळजी नको, ते मी बघते. मेडिक्लेमचा हप्ता भरलाय, गीझरवाला शनिवारी येईल.

बाबा, सौद्याहून येताना तुम्ही माझ्या फ्रॉकच्या खिशात हिरवा बेदाणा कोंबायचात आणि खिसे चिकट झाले म्हणून आई आपल्या दोघांवर ओरडायची. तुमचीच पोर आहे मी, परकी झालेली नाही.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही. आईने ड्रॉप्स स्वतः घालू नयेत, तुम्ही घाला. आणि कर्जाच्या नूतनीकरणाचे कागद आले की लगेच सही करू नका, आधी हमीच्या पानाचा फोटो मला पाठवा. काकांना हे मीच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका.

तुमची,
चिमी