मंत्रिमहोदय, चालकाच्या थकलेल्या पगाराला व्हिएन्ना करार आडवा कसा येतो?

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

दूतावासाने थकवलेल्या पगाराचा दावा लावायला आम्ही सरकारची संमती मागितली होती. त्यावर आपल्या खात्याचं पत्र मिळालं. मजकूर दोन ओळींचा आहे: ‘व्हिएन्ना करारानुसार दूतावासाला राजनैतिक संरक्षण असल्यामुळे दाव्यास संमती देता येत नाही.’ खाली सही आहे, शिक्का आहे. कारण मात्र चुकीच्या कायद्यातून उचललेलं आहे. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहावं लागतंय.

आमचे पक्षकार दिल्लीतल्या एका दूतावासात 11 वर्षं चालक होते. भारतीय नागरिक, नेमणूक इथलीच, पगार महिना 26,000 रुपये. नोकरीच्या करारात कामाचे तास 8. गाडीचं लॉगबुक सांगतं की रोज सरासरी 11 तास काम झालं. 26 दिवस आणि 8 तास धरले तर तासाला 125 रुपये पडतात. महिन्याचे 78 जादा तास म्हणजे 9,750 रुपये, आणि तीन वर्षांचे 3,51,000. हा साधा दर आहे, दुप्पट दराचा आग्रह आम्ही धरलेलाच नाही. ग्रॅच्युइटीसाठी शेवटच्या पगाराला 26 ने भागून 15 ने गुणायचं, म्हणजे वर्षाला 15,000 आणि 11 वर्षांचे 1,65,000. एकूण मागणी 5,16,000 रुपये. हे पैसे लेखी मागितल्यावर त्यांना कामावरून काढलं. एवढ्या रकमेने कोणत्या सार्वभौम राष्ट्राचा खजिना रिकामा होणार आहे, ते आपणच सांगावं.

आता संरक्षणाकडे येऊ. राजनैतिक संबंधांबाबतचा 1961 चा व्हिएन्ना करार आपण 1972 च्या कायद्याने देशात लागू केला. त्यातलं संरक्षण माणसांना आहे. राजदूत आणि इतर राजनैतिक अधिकाऱ्यांवर फौजदारी खटला चालत नाही, आणि थोडे अपवाद सोडले तर दिवाणी दावाही चालत नाही. दूतावासाची वास्तू, कागदपत्रं आणि गाड्या यांनाही हात लावता येत नाही. पण आमच्या दाव्यात राजदूत प्रतिवादी नाहीत. नोकरी दिली ती त्या राष्ट्राने आणि पगार थकवला तोही त्या राष्ट्राने, म्हणून प्रतिवादी ते राष्ट्रच आहे. राजदूतांचं नाव फक्त ‘मार्फत’ म्हणून आलं आहे. पुष्कळ दावे इथेच फसतात, हे खरं. रागाच्या भरात लोक राजदूतांनाच प्रतिवादी करतात आणि पहिल्याच तारखेला अर्ज उडतो. आम्ही ते केलेलं नाही. आपल्या खात्याने मात्र आम्ही ते केलं असं गृहीत धरून उत्तर दिलंय.

राष्ट्राला मिळतं ते संरक्षण निराळं. त्याचा मुद्दा एवढाच, की एका सार्वभौम राष्ट्राने दुसऱ्याच्या कारभाराचा न्यायनिवाडा करू नये. ब्रिटनने त्यासाठी 1978 मध्ये आणि अमेरिकेने 1976 मध्ये स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे अजून तसा कायदा नाही. आपल्याकडे आहे ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 86, आणि त्याची किल्ली आपल्या खिशात. केंद्र सरकारची लेखी संमती असल्याशिवाय परक्या राष्ट्रावर दावा लावता येत नाही. संमतीसाठी चार दारं आहेत: त्या राष्ट्राने आधी अर्जदारावरच दावा केलेला असावा, ते इथे व्यापार करत असावं, वाद त्याच्या इथल्या स्थावर मालमत्तेचा असावा, किंवा त्याने आपलं संरक्षण स्पष्टपणे अथवा वागणुकीतून सोडलेलं असावं.

नोकरीचं दार यात नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच अर्जाला नोकरीचा करार जोडला होता आणि शेवटचं कलम पिवळ्या रंगाने ठळक केलं होतं. त्यात लिहिलंय की वाद झाल्यास दिल्लीच्या न्यायालयांना अधिकार राहील. नुसतं ‘भारतीय कायदा लागू’ असं असतं तर आमची बाजू लंगडी पडली असती. कुठला कायदा लावायचा हे मान्य करणं वेगळं आणि कुठल्या न्यायालयापुढे उभं राहायचं हे मान्य करणं वेगळं. इथे दुसरी गोष्ट मान्य केलेली आहे. हे चौथं दार आहे. ते उघडतं का, यावर वाद होऊ शकतो. पण वाद घालायला कुणीतरी ते पान वाचायला तर हवं!

आणि वाचायचं नसेल तर निदान ऐकायचं तरी. 1976 च्या दुरुस्तीने कलम 86 मध्ये पोटकलम 6 आलं, की संमती नाकारण्यापूर्वी अर्जदाराला म्हणणं मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. आपल्या खात्याने ‘सुनावणीची तारीख कळवू’ असं लेखी दिलं होतं. त्यानंतर थेट नकार आला. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. एका दूतावासाच्या इमारतीची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याचे पैसे थकले होते, आणि सरकारने ‘राजकीय कारणास्तव’ म्हणून संमती नाकारली होती. न्यायालयाने ते चालू दिलं नाही, अर्जाचा कायद्याप्रमाणे विचार करायला सांगितलं. त्या वेळी निदान ‘राजकीय’ असं प्रांजळपणे लिहिलं होतं. आता व्हिएन्नाचं नाव पुढे केलं जातं.

याच चालकाने साहेबांना उशीर होतोय म्हणून सिग्नल तोडला असता, तर निळी नंबरप्लेट साहेबांना वाचवते, त्याला नाही. व्हिएन्ना कराराच्या कलम 38 प्रमाणे यजमान देशाचाच नागरिक असलेल्या नोकराला सरकार देईल तेवढंच संरक्षण मिळतं, आणि आपण चालकांना काहीच देत नाही. म्हणजे चूक त्याची असेल तर तो सामान्य नागरिक, आणि पैसे त्याचे असतील तर मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा. वाहवा!

बाहेर काय चाललंय तेही पाहा. बर्लिनमधल्या अल्जीरियाच्या दूतावासाच्या चालकाने जादा तासांचे पैसे मागितले आणि त्याची नोकरी गेली. त्याच्या करारात तर अल्जीरियाच्याच न्यायालयांचं कलम होतं. 19 जुलै 2012 रोजी युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की चालकाचं काम सार्वजनिक सत्तेच्या वापरात मोडत नसेल तर राष्ट्राला संरक्षण नाही, आणि वादाआधी केलेल्या करारातलं कलम कामगाराचं जवळचं न्यायालय हिरावून घेऊ शकत नाही. राष्ट्राला मिळणाऱ्या संरक्षणाबाबत संयुक्त राष्ट्रांच्या 2004 च्या करारातही नोकरीच्या वादांसाठी बहुतेक हाच नियम आहे. भारताने त्यावर 2007 मध्ये सही केली आणि मंजुरी द्यायचं तेवढं राहून गेलं.

खरं कारण आम्ही ओळखून आहोत. आज परक्या दूतावासाला इथे उभं केलं, तर उद्या आपले दूतावास तिथे उभे राहतील. डिसेंबर 2013 मध्ये घरकामगाराच्या पगारावरून न्यूयॉर्कमध्ये आपल्या उपमहावाणिज्यदूतांना अटक झाली, तेव्हा दिल्लीत अमेरिकी दूतावासापुढचे बॅरिकेड हटवण्याइतकी चपळाई आपल्या यंत्रणेत होती. ती चपळाई अधिकाऱ्यासाठी. चालकासाठी दोन ओळी. इथलं सगळंच असं आहे: ज्याच्या ओळखी आहेत त्याचा अपमान राष्ट्राचा होतो, बाकीच्यांचा फाइलीत जातो.

संमती मिळाली म्हणजे पैसे हातात पडले, असंही नाही. हुकूमनामा झाला तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी कलम 86(3) खाली पुन्हा आपलीच संमती लागेल. गाडी जप्त होत नाही, दूतावासाच्या कामकाजाच्या बँक खात्यालाही हात लावता येत नाही. एवढी कुलपं शिल्लक असताना पहिल्याच दाराशी माणसाला हाकलण्याची घाई कशाला?

आमची मागणी लहान आहे. नकाराचं पत्र मागे घ्या, सुनावणीची तारीख द्या, त्या दिवशी कराराचं शेवटचं कलम समोर ठेवून वाचा, आणि नाकारायचंच असेल तर चारही दारं का बंद आहेत ते कारणांसह लिहा. संमतीच्या अर्जात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 15 प्रमाणे दावा लावण्याच्या मुदतीतून वगळला जातो. अर्जाची पोचपावती आणि आपल्या पत्राचं पाकीट, दोन्ही जपून ठेवलंय. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल होईल. त्यात प्रतिवादी परकं राष्ट्र नसेल, आपलं खातं असेल, आणि त्यासाठी आपली संमती लागत नाही.

आपला,
चालकाचा वकील