दोन पावलं मागे

नमस्कार. हा गुणवंत खेळाडू पुरस्कार घेताना मला विभागीय स्पर्धेतली लांब उडी आठवतेय. पहिल्या दोन्ही उड्यांना लाल झेंडा. पाय फळीच्या पुढे, दोन्ही वेळा चार बोटं. तिसरीही फाऊल गेली असती तर पहिल्या आठात येणं नाही आणि पुढच्या तीन उड्याही नाहीत.

मी घाबरून शेवटची पावलं आखडायला लागले होते. सर कठड्याबाहेर होते, आत यायची परवानगी नव्हती. त्यांनी खिशातला रुमाल काढून हवेत धरला. वारा पाठीमागून होता! पाठीवर वारा असला की प्रत्येक टांग थोडी लांब पडते आणि फळी लवकर येते. मग त्यांनी दोन बोटं दाखवून मागे खूण केली. मी माझी चिकटपट्टी दोन पावलं मागे लावली आणि नेहमीसारखी मोकळी धावले. पांढरा झेंडा.

पट्टी लावताना माझे हात थरथरत होते. दुसऱ्या जिल्ह्याच्या एका ताईने ती दाबून बसवली. ती माझीच प्रतिस्पर्धी. नाव विचारायचं राहिलं. ताई, आभार.

घरामागच्या खड्ड्यातली वाळू आई दर रविवारी चाळते. गहू चाळायची जुनी चाळण त्यातच गेली, म्हणून अजून बोलणी खाते मी. खड्डा बाबांनी खणला. सर, आई, बाबा, हे स्मृतिचिन्ह आधी तुम्ही हातात घ्या.