बाळाच्या कोपऱ्याबद्दल आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाळंतपणासाठी मी येण्याआधी मागची खोली लावून ठेवण्याची तुमची तयारी चालू आहे, हे फोनवर कळले. सुताराला बोलावण्यापूर्वी काही गोष्टी नीट लिहून कळवाव्यात, म्हणून हे पत्र.

बाळ पहिले सहा महिने तरी माझ्याच खोलीत, पण माझ्या पलंगावर नव्हे, तर शेजारच्या स्वतंत्र खाटेवर झोपेल. त्यामुळे आधी खाटेची जागा ठरवावी आणि मग बाकीचे सामान. आपली खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे. सध्या लोखंडी कपाट दाराजवळच्या दहा फुटी भिंतीला आहे, खिडकी समोरच्या भिंतीला आहे आणि पलंग मध्ये आहे. कपाट साडेसहा फूट उंच आहे, म्हणजे ते पुढे कोसळले तर जवळजवळ तितकीच जमीन व्यापेल. खाट त्या टप्प्याच्या बाहेर हवी आणि तिचे टोक खिडकीलाही चिकटलेले नको, कारण तिथे दुपारचे ऊन थेट येते आणि पडद्याची दोरी लोंबते. हे सगळे सांभाळायचे तर पलंग लांबीच्या एका भिंतीकडे सरकवावा आणि त्याच्या मोकळ्या बाजूला, खिडकीपासून दोन फूट सोडून, बाळाची खाट ठेवावी. रात्री मी बसल्या बसल्या बाळाला उचलू शकेन आणि दाराकडे जायला वाटही मोकळी राहील. पलंग आणि खाट यांच्यात मात्र बाळ अडकेल अशी अरुंद फट राहू देऊ नये. माणूस सहज उभा राहील एवढे अंतर ठेवावे.

कपाट माथ्याजवळ दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला पक्के करून घ्यावे. सुताराला सांगा की स्क्रू नुसत्या गिलाव्यात नको, विटेपर्यंत भोक पाडून त्यात प्लग बसवून घट्ट करावा. नंतर बाबांनी कपाटाचे दोन्ही दरवाजे पूर्ण उघडून ते पुढे हलते का, ते पाहावे. कपाटावरच्या जुन्या सुटकेस आणि पितळी डबे खाली उतरवावेत. खाटेच्या वर भिंतीवर फोटो, घड्याळ किंवा फळी नको. आजोबांचा मोठा फोटो दिवाणखान्यातही तितकाच शोभेल.

आता पाळण्याविषयी. आई, माळ्यावरचा माझा लाकडी पाळणा तू काढून पुसून ठेवला आहेस, हे ऐकून मला भरून आले, पण तो रात्रीच्या झोपेसाठी वापरावा असे मला वाटत नाही. दोन गजांमधील अंतर फूटपट्टीने मोजावे. ते सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर बाळाचे धड त्यातून सरकून डोके अडकू शकते, आणि जुन्या पाळण्यांत अंतर बहुधा याहून जास्तच असते. जुन्या रंगात शिसे असण्याचीही शक्यता असते. म्हणून तो बारशाच्या दिवशी, सगळे जण भोवती जागे असताना, सजवून वापरू, आणि झोपेसाठी स्थिर खाट घेऊ.

खाटेतली गादी सपाट आणि टणक असावी. घरची कापसाची गादी बाळाच्या वजनाने खोलगट होते आणि त्यात तोंड दबले तर बाळाला मान वळवून सुटता येत नाही. पारख सोपी आहे: तळवा जोरात दाबून उचलावा, खळगा तसाच राहिला तर ती गादी नको. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून जास्त फट राहता कामा नये. वर घट्ट बसणारी चादर एवढेच अंथरूण पुरेसे आहे. मोहरीची उशी, लोड, जाडजूड दुलई, मऊ खेळणी यांपैकी काहीच आत नको. डोक्याचा आकार गोल राहावा म्हणून उशी लागते, असे काकू म्हणतील. त्यावर वाद न घालता उशी कपाटात ठेवून द्यावी. बाळ जागे असताना आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथे घातले की मागचा भाग चपटा होण्याचे प्रमाण कमी होते, पण झोपवताना ते नेहमी पाठीवरच.

मच्छरदाणी छताच्या हुकाला टांगलेली नको, कारण ती आत लोंबकळते. खाटेला चौकट बसवून जाळी बाहेरच्या बाजूने ताणून घ्यावी. शेक-शेगडीची आणि धुरीची व्यवस्था मात्र या खोलीत करू नका. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो आणि त्याला वासही नसतो.

बाबा, खोलीचा कागदावर आराखडा काढून त्यात पलंग, कपाट आणि खिडकी यांची मापे लिहून फोटो पाठवाल का? त्यावरून मी इकडूनच खाटेचे माप निश्चित करीन. पाळण्याच्या गजांमधील अंतरही कळवा.

तुमची,
मुलगी