खाजेवर तेल ओतू नकोस, आधी भुवया बघ

प्रिय पश्या,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला, "उद्या सगळी भादरून टाकतो, झोप येत नाहीये खाजेने". थांब जरा. तिसऱ्या आठवड्यात वस्तरा हातात घेणारा तू पहिला नाहीस, मी दोनदा घेतलाय, आणि दोन्ही वेळा दाढी पुन्हा वाढवताना तोच तिसरा आठवडा परत सोसला, म्हणजे फायदा शून्य. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही म्हणून लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे खाज का सुटते ते बघ. वस्तऱ्याने केस तिरका कापला जातो, टोक धारदार राहतं. दाढी महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढते, म्हणजे तीन आठवड्यात तुझा केस 6-7 मिलिमीटरचा झाला असणार, आणि नेमक्या याच लांबीला तो वळून स्वतःच्याच कातडीला टोचतो. त्यात दुसरी भानगड अशी की चेहऱ्याच्या कातडीतून जे नैसर्गिक तेल सुटतं ते दाढी वाढवली म्हणून काही वाढत नाही, तेवढंच राहतं. आधी ते सगळं कातडीवर असायचं, आता त्यातलं बरंचसं केसांवर चढतं, म्हणून खालची कातडी कोरडी पडते आणि वरचे केसही राठ ते राठच. आणि तू अजून अंगाच्या साबणाच्या वडीने तोंड धुत असशील (धुतोसच, मला माहितीय) तर उरलंसुरलं तेलही गेलं.

आता दाढीचं तेल. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ते केसांचं असतं असं वाटणं. अरे ते आधी कातडीचं आहे, केसांना जे लागतं ते वरचं. तू फोटोत पाठवलंयस तसं वरवर चोपडून आरशात चमक बघायची आणि खाली कातडी तशीच तडतडलेली, याला काही अर्थ नाही. आणि तेलात पाणी नसतं, ते ओलावा आणत नाही, असलेला धरून ठेवतं, म्हणून कोरड्या दाढीवर लावण्यात निम्मं वाया जातं. तोंड कोमट पाण्याने धू, टॉवेलने दाब, घासू नकोस, आणि दाढी ओलसर असतानाच लाव. तुझ्या लांबीला 3 ते 4 थेंब पुरे. तळहातावर घे, दोन्ही हात चोळ, मग बोटांची टोकं दाढीत खालून घाल, हनुवटीखालून वर, जबड्यावरून गालाकडे, आणि कातडीला बोट लागतंय ना ते बघ. सगळ्यात शेवटी तळहातावर जे उरलंय ते वरून फिरव. दहा मिनिटांनी गालाला टिश्यू लावून बघ, त्यावर डाग उठला तर थेंब जास्त झाले, पुढच्या वेळी एक कमी कर.

कुठलं तेल हा प्रश्न तू विचारणारच. जोजोबा घे, ते खरं तर तेल नाही, पातळ मेण आहे, आपल्या कातडीतल्या तेलाच्या एका भागाशी मिळतंजुळतं, त्यामुळे जड वाटत नाही. बदाम किंवा द्राक्षबियांचं पण चालतं. एरंडेल घट्ट असतं, नुसतं लावलंस तर चिकट गोंद होतो, आणि त्याने दाढी दाट होते हे डोक्यातून काढ, कुठल्याच तेलाने नवीन केस उगवत नाहीत, आहेत ते मऊ दिसतात एवढंच. सुगंधाचं मात्र सांभाळून. पुदिना, लिंबू, टी ट्री असली अर्कतेलं मस्त वास देतात पण चेहऱ्याला झोंबतात, लोक अंदाजाने ओततात आणि मग लालबुंद चेहरा घेऊन फिरतात. स्वतः बनवायचं असेल तर 30 मिलि मूळ तेलाला 6 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का, त्यापुढे जायचं नाही. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघायचं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. माझी गेल्या वर्षीची फजिती तुला अर्धीच सांगितली होती.

दाढी चांगली दोन महिन्यांची झाली होती, खाज कधीच गेलेली, आणि अचानक परत सुरू झाली. शर्टावर कोंडा पडायला लागला. मी म्हटलं कोरडी पडली असणार, तेल वाढवलं, 4 थेंबांचे 8 केले, रात्रीही लावायला लागलो. लावलं की तासभर बरं वाटायचं, म्हणून मला वाटायचं औषध बरोबर आहे, डोसच कमी पडतोय. तीन आठवड्यांत हनुवटीखालची कातडी लाल झाली, पापुद्रे मोठे झाले आणि चिकट, पिवळट. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी दाढीकडे बघितलंच नाही आधी, भुवया बघितल्या, नाकाच्या बाजूच्या खाचा बघितल्या, डोक्यात कोंडा आहे का विचारलं, तिन्हीकडे होताच, मला पत्ता नव्हता. मग म्हणाल्या, हा कोरडेपणा नाही, सेबोरिक डर्माटायटिस आहे, म्हणजे कोंड्याच्याच जातीचा कातडीचा दाह, आणि तुम्ही त्याला रोज जेवण वाढताय.

गंमत अशी की मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते, ती तेलातली स्निग्ध आम्लं खाते, बहुतेक वनस्पती तेलांत ती भरपूर असतात. एरवी ती गप्प राहते, पण ज्यांना तिचा त्रास होतो त्यांनी वर आणखी तेल ओतलं की ती चेकाळते. म्हणजे मी आठ थेंबांनी खाज शमवत नव्हतो, पोसत होतो. मला त्यांनी केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा 2 टक्क्यांचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, फेस कातडीपर्यंत चोळून 5 मिनिटं ठेवायचा मग धुवायचा, आणि तेल पूर्ण बंद. मी बहुतेकांसारखी पहिल्यांदा चूक केली, लावलं आणि लगेच धुतलं, काहीच होईना, मग मोबाईलवर टायमर लावायला लागलो. दोन आठवड्यांत लाली गेली, चौथ्या आठवड्यात पापुद्रे बंद. हे कायमचं जात नाही, अधूनमधून डोकं वर काढतं, म्हणून अजूनही मी आठ-दहा दिवसांतून एकदा तो शाम्पू वापरतो.

तर तुझं काय आहे ते आधी ठरव. तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते, पांढरी बारीक भुकटी पडते, पिठासारखी, भुवया स्वच्छ आहेत, आणि ओलसर दाढीवर नीट तेल लावल्यापासून तीन-चार दिवसांत फरक पडला, तर ती साधी तिसऱ्या आठवड्याची खाज, वस्तरा ठेवून दे. पण पापुद्रा नखाने उचलल्यावर मेणचट लागतो, खालची कातडी लाल आहे, भुवयांत आणि नाकाजवळही तेच आहे, तर तेल आजच बंद आणि डॉक्टर गाठ, स्वतः मलम उचलून आणू नकोस, घरातलं ते स्टेरॉइडवालं तर अजिबात नको. आणि एखाद्या ठिकाणी पू भरलेल्या पुटकुळ्या किंवा नाण्याएवढा केस गेलेला गोल चट्टा दिसला तर ती वेगळीच भानगड, तिथे तर थांबूच नकोस.

फोटोवरून तुझी भुकटी पांढरी वाटली, पण फोटोवर माझा विश्वास नाही.

साधीच निघाली तर मग ब्रश घे. डुकराच्या केसांचा, प्लॅस्टिकचा नको. त्याने केस विंचरणं हे कामच नाही, कातडीवरची सुटलेली मृत कातडी उचलायची आणि मुळाशी जमलेलं तेल टोकापर्यंत ओढायचं. दाढी जवळजवळ सुकल्यावर, ओली असताना नाही, कारण ओला केस ताणला जातो आणि तुटतो. आधी मानेकडून वर, मग गालावरून खाली, दात टोचतायत एवढाच दाब, मिनिटभर. माझ्या ब्रशच्या मुळाशी पहिल्याच आठवड्यात राखाडी कापसासारखा थर जमलेला, बघून शिसारी आली, म्हणजे तो सगळा माझ्या चेहऱ्यावर होता. पंधरा दिवसांनी शाम्पूने धुवायचा आणि दात खाली करून वाळवायचा, नाहीतर लाकडात पाणी मुरतं. गुंता असेल तर रुंद दातांची फणी, टोकाकडून सुरुवात करायची, आणि फणीच्या दातांवरून बोट फिरवून बघ, मधे शिवण लागली तर ती फणी केस ओढणार.

दाढीचा बाम तुला आत्ता नकोच. त्यात मधमाशीचं मेण, शिया बटर आणि तेल असतं, मेणामुळे केस जागेवर बसतात. 6-7 मिलिमीटरच्या केसांना बसवायचं काय? दोन महिन्यांनी गालाजवळचे केस कानाकडे पंख्यासारखे उभे राहायला लागतील तेव्हा घे. अंगठ्याच्या नखाच्या पाठीने वाटाण्याएवढा खरवडायचा, तळहातावर एवढा चोळायचा की एकही कण हाताला लागू नये, मग तेलानंतर वरवर लावून ब्रश. डबीत रवाळ झाला तर बिघडला असं नाही, शिया वितळून हळू थिजलं की असं होतं, गरम पाण्यात डबी ठेवून वितळव आणि लगेच फ्रीजमध्ये टाक, पुन्हा गुळगुळीत होतो. जुन्या रंगासारखा वास आला तर मात्र फेकून दे, तेल खवट झालंय.

आणि हो, मानेवरची रेघ गळ्याच्या घाटीच्या दोन बोटं वर, खाली सगळं साफ, तुझ्या दाढीला अवतार दिसतो तो तेलाअभावी नाही, त्या मानेमुळे.

रात्री भुवयांमधून बोट फिरवून बघ आणि मला कळव काय निघतं ते. तोवर वस्तरा कपाटात.

तुझाच,
मन्या