विषय : वॉल मिक्सरच्या गरम पाण्याच्या बाजूचा स्पिंडल – चुकीचा माल आणि फोटोतील नेमका तुकडा आहे का, याबाबत

मा. दुकानमालक यांस,

आपल्या काउंटरवरील मुलाशी आत्ताच फोनवर बोलणे झाले आणि त्यानेच मध्ये फोन ठेवला, म्हणून हे थेट आपल्याला लिहीत आहे. आपले दुकान सीपी फिटिंगचे आहे. त्यामुळे स्पिंडल म्हणजे काय हे मी आपल्याला सांगायला नको. मला नेमका कोणता हवा आहे आणि आपण कोणता पाठवला, एवढेच सांगतो.

आमच्या बाथरूममधील मिक्सर गरम पाण्याच्या बाजूने पूर्ण बंद केला तरी तोटीतून थेंब थेंब गळतो. पाणी हँडलच्या खालून येत नाही, म्हणजे दांडीवरची ओ-रिंग ठीक आहे. स्पिंडल उघडून पाहिला, तर आतील दोन सिरॅमिक चकत्यांपैकी एकीवर कडेपासून भोकापर्यंत बारीक ओरखडा दिसला. आमच्याकडे टँकरचे आणि बोअरचे पाणी मिसळून येते. त्यातली रेती चकत्यांमध्ये अडकली की असा चरा पडतो आणि मग कितीही आवळले तरी पाणी थांबत नाही. वायसर बदलून हे भागणार नाही, पूर्ण स्पिंडलच बदलावा लागेल.

म्हणून मी आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले होते. पहिल्यात स्पिंडल स्टीलच्या पट्टीशेजारी आडवा ठेवला आहे, दुसरा बरोबर वरून काढला असून त्यात दांडीचे दाते दिसतात, आणि तिसरा खालच्या रबराचा आहे. दुसऱ्या फोटोत एका दात्यावर मी पांढरा ठिपका दिला आहे, तो मोजणाऱ्याला सुरुवात कुठून करायची हे कळावे म्हणून. तिथून मोजले की 20 दाते भरतात. सोबत लिहिलेही होते : 20 दाते, अर्धा इंची आटे, पाव फेरीत उघडणारा, गरम पाण्याच्या बाजूचा. आपल्याकडून आला तो 24 दात्यांचा आणि थंड पाण्याच्या बाजूचा. बाजूने पाहिले तर दोन्ही इतके सारखे दिसतात की पहिला फोटो पाहून फसणे शक्य आहे. पण दुसरा फोटो पाहून नाही. तो कोणी उघडलाच नाही, हीच माझी पहिली तक्रार आहे.

आता फोनवर काय झाले ते ऐका. मी म्हटले, दाते जुळत नाहीत, हँडल अर्ध्यावर जाऊन अडते. उत्तर आले, "काका, वरून हातोडीने ठोका, बसेल." हँडलवर हातोडी मारली की घाव थेट दांडीतून त्या सिरॅमिकच्या चकत्यांवर जातो आणि त्या तडकतात, हे स्पिंडल विकणाऱ्या माणसाला ठाऊक असायला नको काय? मी ते सांगितले, तर त्याने विषय बदलला आणि माझी मापेच चुकीची ठरवली. "तुम्ही आट्यांचे माप एकवीस एमएम लिहिलेय. अर्धा इंच म्हणजे साडेबारा एमएम. तुम्हाला पाऊण इंची पाहिजे. मोजता येत नसेल तर प्लंबरला विचारा." मी आयुष्यभर टूलरूममध्ये व्हर्निअर हातात धरली आहे. पाइपच्या आट्यांचे नाव पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेले आहे. अर्धा इंची आट्यांचा बाहेरील व्यास जवळपास 21 मिलिमीटरच भरतो आणि पाऊण इंचीचा 26 च्या वर जातो. त्यानेच पाठवलेला तुकडा मी मोजला. तोही 21 मिलिमीटरचा आहे, त्याच्या पाकिटावर अर्धा इंच छापले आहे, आणि तो माझ्या मिक्सरच्या तोंडात आट्यांवर व्यवस्थित बसतो. हे सगळे मी शांतपणे सांगत होतो. ते पुरते ऐकूनही न घेता तो म्हणाला, "एवढा जुना माल कशाला धरून बसलाय? अख्खा मिक्सरच नवीन घ्या ना," आणि फोन ठेवला. एका स्पिंडलसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला अख्खा मिक्सर खपवायला पाहणे आणि त्यासाठी त्याला मोजता येत नाही असे म्हणणे, याचा मला मनापासून राग आला आहे.

दिशेचा मुद्दा तर त्याने ऐकलाच नाही आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. माझा जुना स्पिंडल वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की बंद होतो. आपण पाठवलेला उलट दिशेने बंद होतो. खात्री करायची असेल तर खालच्या रबराला ओठ लावून फुंकर मारावी आणि दांडी पाव फेरी फिरवावी. हवा कोणत्या बाजूला अडते ते लगेच कळते. हँडल काढून दुसऱ्या कोनात बसवले तरी हे सुधारत नाही, कारण त्याने फक्त सुरुवातीची जागा बदलते, फिरण्याची दिशा बदलत नाही. माझी आई 80 च्या पुढची आहे. तिचा हात सवयीने ज्या बाजूला नळ बंद करायला जाईल, त्याच बाजूला गिझरचे कढत पाणी सुरू होईल. "एकदा लावला की सवय होते" असे सांगून हा तुकडा खपवू नये.

आता माझा सरळ प्रश्न. खालील मापाचा स्पिंडल आपल्याकडे आज शिल्लक आहे का? अर्धा इंची आटे, 20 दाते, पाव फेरीचा, घड्याळाच्या दिशेने बंद होणारा. खालच्या रबरापासून दांडीच्या टोकापर्यंत एकूण उंची 51 मिलिमीटर, आणि पाना लागतो त्या षटकोनाच्या वर दांडी 19 मिलिमीटर. ही शेवटची उंची कृपया सोडू नका, कारण दांडी आखूड असेल तर हँडल खालच्या फ्लँजवर घासते आणि पूर्ण बंद होण्याआधीच अडते. कंपनी कोणतीही चालेल, माप मात्र हेच हवे. तुकडा हातात घेऊन, दाते मोजून, त्याचा वरून काढलेला फोटो मला पाठवा. मी फोटोवरून होकार देईन, मगच पाठवा. नसेल तर "नाही" एवढेच कळवा, मी दुसरीकडे पाहीन.

पाठवलेला तुकडा न वापरता पाकिटासह ठेवला आहे. तो परत घेऊन पैसे द्यावेत. मला पक्के बिल दिलेले नाही, फक्त चिठ्ठी दिली आहे, आणि तिच्यावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का आहे. मी सांगितले ते आपण दिलेच नाही, त्यामुळे हा शिक्का मला लागू होत नाही. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. शनिवारपर्यंत उत्तर आले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर चिठ्ठी, तिन्ही फोटो आणि पाठवलेल्या तुकड्याचे दाते दाखवणारा फोटो जोडून तक्रार नोंदवीन. या भागात घर घेतल्यापासून मी नळाचे प्रत्येक सामान आपल्याच दुकानातून आणले आहे, आणि आपण स्वतः काउंटरवर असता तेव्हा जुना तुकडा नव्याशेजारी ठेवूनच देत होता. म्हणूनच हे पत्र हेल्पलाइनच्या आधी आपल्याला पाठवले आहे.

आपला,
दुसऱ्या गल्लीतील सोसायटीतील जुना ग्राहक
(सोबत : तीन फोटो पुन्हा जोडले आहेत. कृपया दुसरा आधी उघडावा.)